खुर्चीचे पाय

गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मला उकिडवं बसता येत नाही, आणि माझ्या धंद्यातली निम्मी कामं उकिडवं बसूनच होतात. बाल्कनीत मांडलेली खुर्ची टिकेल की नाही, हे फरशीपाशी नाक नेल्याशिवाय कळत नाही. आता ते नाक माझ्या मदतनीस मुलीचं असतं. नागपूरची आहे, इंटिरियरचा कोर्स करून दिल्लीत आली. मी स्टुलावर बसून सूचना देते, ती त्या ऐकते, पण तिला सगळ्याच पटत नाहीत. आर. के. पुरममधल्या एका सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत खडूने खुणा करता करता ती म्हणाली, "ताई, लोक खुर्चीची पाठ बघतात, गादीचा रंग बघतात. पाय कोण बघतं?"

मी बघते. दुसरं काही बघतच नाही म्हटलं तरी चालेल. बाहेर ठेवलेल्या खुर्चीची पाठ कधी आधी जात नाही. खालची चार बोटं आधी जातात आणि मग वरचं सगळं धडधाकट असूनही खुर्ची भंगारात निघते.

ही बाल्कनी दुसऱ्या मजल्यावरची, पश्चिमेकडची, नऊ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. या घरातले काका एका मंत्रालयात आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. संध्याकाळचा चहा दोघांनी बाहेर बसून घ्यावा, एवढीच काकूंची मागणी होती. सरकारी क्वार्टरचं एक बरं असतं: मनाला येईल तिथे भोक पाडता येत नाही, काचा लावून बाल्कनी बंद करता येत नाही, आणि जे काही मांडाल ते एक दिवस ट्रकमध्ये चढवायचं असतं. त्यामुळे कारागिराला भिंतीचा आधार मिळत नाही. सगळं आपापल्या पायांवर उभं राहायला हवं.

पहिलं काम पाण्याचं. एक बादली फरशीवर ओतायची आणि अर्ध्या तासाने जिथे पाणी उरेल त्याच्या कडेने खडू फिरवायचा. त्या जुन्या चिप्सच्या फरशीचा उतार डाव्या कोपऱ्यातल्या मोरीकडे होता. उतार एकाच बाजूला असेल तर खुर्ची नुसती कलते, डुगडुगत नाही, कारण कललेली सपाटी ही शेवटी सपाटीच असते. डुगडुगते ती कोपऱ्याकडे, जिथे दोन बाजूंचे उतार एकमेकांना भेटतात आणि फरशी पिळवटल्यासारखी होते. तिथे चार पायांतले तीनच टेकतात. लोक खाली पुठ्ठ्याची घडी घालतात, ती घडी पाणी पिते, आणि ज्या पायाला आधार दिला तोच पाय सगळ्यात आधी कुजतो.

मोरीकडे लक्ष ठेवायचे दिवस इथे ठरलेले आहेत. आर. के. पुरमला कडुनिंब भरपूर. मार्चमध्ये ते पानं झाडतात आणि पाऊस यायच्या सुमारास पिकलेल्या निंबोळ्या पडतात. जाळीवर पानांचा थर, त्यावर निंबोळ्यांचा चिकट गर, आणि त्यावर जुलैची पहिली सर. बाल्कनीत दोन बोटं पाणी साचतं. हे पाणी फक्त खुर्चीला नडतं असं नाही. भिंतीतून पुढे काढलेल्या स्लॅबमध्ये भार पेलणारी मुख्य सळई वरच्या अंगाला असते, फरशीच्या जवळ. खोलीच्या स्लॅबच्या नेमकं उलट. म्हणून साचलेलं पाणी आधी त्या सळईला गाठतं. तिथे ड्रिल घेऊन वाकणाऱ्या माणसाला मी घरात पाऊल ठेवू देत नाही.

कुंड्या ठेवतानाही स्लॅबचा विचार हवा. बारा इंची कुंडी भरून, पाणी घातल्यावर, पंचवीसएक किलोची होते. आजच्या मानकात बाल्कनीसाठी चौरस मीटरला साधारण ३०० किलोचा भार धरतात. पण हे घर जुनं, आणि कठड्याजवळ ठेवलेलं वजन भिंतीजवळच्या वजनापेक्षा स्लॅबला कितीतरी जास्त वाकवतं. म्हणून जड कुंड्या घराच्या भिंतीला लावून ठेवल्या. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी तिरपं होऊन आतपर्यंत येतंच. मोगरा आणि कण्हेर तिथे खूश आहेत, शेवंती थंडीपुरती येते. माती निम्मी करून बाकी कोकोपीट आणि खत घातलं. प्रत्येक कुंडीखाली विटेचे तीन तुकडे, म्हणजे भोक मोकळं राहतं आणि खालची फरशी वाळते. कुंडीखालच्या ताटल्या मी काढूनच टाकल्या. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं घरोघर अळ्या बघायला येतात आणि पहिल्यांदा ताटल्याच उचलतात. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कठड्याच्या बाहेर काहीही टांगायचं नाही, हे काकूंकडून कबूल करून घेतलं. मे-जूनची आंधी खाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार करत नाही.

आता पाय.

बाजारातली लोखंडी खुर्ची पोकळ पाइपची असते. वरून पावडर कोटिंग सुरेख, आतून कोरं लोखंड. खाली रबरी बूट चढवलेला. जोडाच्या बारीक फटीतून, स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं, घसरत खाली येतं आणि बुटात अडकतं. बूट फरशी वाचवतो आणि पाय मारतो. बाहेरून वर्षभर काही कळत नाही. मग बुटाच्या दोन बोटं वर रंगाला फोड येतो, फरशीवर तांबूस कडं उमटतं. नाण्याने वाजवून बघा: वरचा पाइप खणखणतो, खाली बद्द आवाज येतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर मी बरंच डोकं झिजवलं आहे. बूट काढला तर फरशी ओरखडते आणि पाइपचं तोंड पाण्यातच उभं राहतं. मग खाली तीन मिलीमीटरची पट्टी वेल्ड करून पाइप बंद केला, पट्टीला नट जोडून नायलॉनच्या बैठकीचा बोल्ट बसवला. बोल्ट फिरवून प्रत्येक पाय वेगळा उंच-सखल करता येतो, म्हणून पिळवटलेल्या फरशीवरही खुर्ची चारही पायांवर उभी राहते. पट्टीच्या लगेच वर, आतल्या अंगाला, सहा मिलीमीटरचं भोक ठेवलं. त्यातून पिचकारीने पातळ प्रायमर आत सोडायचा, खुर्ची गोल फिरवायची, उरलेला गळू द्यायचा. पुढे आत शिरलेलं पाणीही त्याच वाटेने बाहेर पडतं. मुनिरकातला माझा वेल्डर यावर हसायचा: "मॅडमजी, कुर्सी है कि पानी का जहाज?" मला ते कौतुक वाटायचं.

मग कुंभारमाशी आली. एवढंसं भोक दिसलं की ही बाई त्यात अंडं घालते, अळ्या ठेवते आणि मातीने तोंड लिंपून टाकते. पावसाच्या तोंडावर माझी भोकं बंद. भोक खालच्या बाजूला घेतलं, तिथेही ती पोचली. स्टीलच्या जाळीचा तुकडा बसवला, तर तिथे धूळ साचली. दिल्लीत धुळीला काही कमी नाही.

या सगळ्यात मला मुढ्याची आठवण होते. गुरुग्रामच्या पलीकडे फर्रुखनगरच्या बाजूला सरकंड्याचे मुढे विणतात. जुन्या क्वार्टरांच्या बाल्कनीत दोन मुढे हमखास असायचे. मुढ्याच्या तळाला जुन्या टायरची पट्टी घट्ट शिवलेली असते. ती शिवणाऱ्याने माझ्यासारखा विचार केला होता, फक्त त्याचा गवगवा केला नव्हता. मुढ्याला पाय नसतात, सगळा घेर टेकतो, म्हणून तो कुठल्याही फरशीवर कमी डुगडुगतो. भर पावसात मात्र तो आत घ्यावा लागतो. गवत ते गवतच.

आज त्या जागी काय येतं? वर प्लास्टिकच्या वेताची वीण, आत चुंबक चिकटेल असा लोखंडी सांगाडा, आणि विकणारा शपथेवर सांगतो की ॲल्युमिनियम आहे. म्हणून माझ्या पर्समध्ये लहानसं चुंबक असतं. खरं ॲल्युमिनियम असलं तरी ते इतकं हलकं की आंधीत कठड्यावर जाऊन आपटतं. आणि कृत्रिम हिरवळ! पश्चिमेच्या उन्हात तिच्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवा. तिच्याखाली पाणी दिवसच्या दिवस राहतं आणि खडूने काढलेली सगळी डबकी झाकली जातात. ज्यांना झाकायचंच असतं त्यांचा धंदा चांगला चालतो. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर धरून सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली. तिथल्या उंच इमारतींच्या बाल्कन्यांचे फोटो लोक मला पाठवतात. हिरवळ प्रत्येक फोटोत आहे. खुर्चीचे पाय एकाही फोटोत दिसत नाहीत.

काकूंच्या खुर्च्यांचं माप ठरवत होतो तेव्हा माझ्या मदतनीस मुलीने विचारलं, "ताई, पाय पोकळ कशाला हवा?" १६ मिलीमीटरची भरीव गोल सळई मीटरला १.५८ किलो भरते. आमचा २५ मिलीमीटरचा चौकोनी पाइप साधारण १.१८ किलो. एका खुर्चीच्या चार पायांत फरक किलोभराचाही नाही, आणि तेवढं जास्त वजन आंधीत उपयोगीच. आतली जागाच नाही, म्हणून भोक नाही, बूच नाही, कुंभारमाशी नाही. बारीक सळई लवते, असं मी लगेच म्हणाले. तिने पायांना खालून दहा सेंटीमीटरवर आडवी पट्टी काढून दाखवली. मग रंग टिकणार नाही, असं म्हणाले. ती गप्प राहिली, कारण ते खरं नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं.

भरीव पाय केले. बोल्ट माझेच, ते मी सोडले नाहीत. बैठक अठरा इंचांवर घेतली, कारण काकूंचे गुडघे माझ्यासारखेच. वर सागवानाच्या पट्ट्या, मध्ये सहा मिलीमीटरची फट. मेमध्ये लाकूड आकसतं, ऑगस्टमध्ये फुगतं, त्याला तेवढी जागा हवी. पट्ट्यांची कापलेली टोकं पातळ इपॉक्सीत दोनदा भिजवली, कारण लाकूड टोकानेच पाणी पितं. गाद्या वापरून झाल्या की घरात.

काकूंनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणाले, "आमची." मुलगी खडू पुसत होती, तिने मान वर केली नाही. माझा गर्व किती लहानशा गोष्टीत आहे, हे मला ठाऊक आहे. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिरपं दाबून बघते. मी केलेली हलली नाही तर बरं वाटतं. दुसऱ्याने केलेली डुगडुगली तर त्याहून बरं वाटतं.

त्या खुर्च्यांनी एक पावसाळा काढला आहे. पायांना गंज नाही, बोल्टाच्या नायलॉन बैठकीखाली मात्र ओल धरते आणि तिथे शेवाळ्याची हिरवी टिकली उमटते. तिच्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

तुमच्या बाल्कनीत लोखंडी खुर्ची असेल तर जून उजाडायच्या आत ती उलटी करा, रबरी बूट ओढून काढा आणि आत किती पाणी निघतं ते बघा. निघालं तर पाय दिवसभर उन्हात उलटे वाळवा, नाण्याने वाजवा, आणि आवाज बद्द आला तर त्या खुर्चीवर वजनदार पाहुण्याला बसवू नका.