मामाची रजा : एका अर्जाचे भाषांतर



तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. रजेचा अर्ज तुम्ही कित्येकदा लिहिला असेल. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 नुसार राज्य शासनाचे कामकाज मराठीतून चालते. म्हणून शासकीय कार्यालयातील कर्मचाऱ्याला असा अर्ज मराठीत देता येतो. परंतु खासगी कंपनीत, किंवा परराज्यातील नोकरीत, तोच अर्ज इंग्रजीत द्यावा लागतो. या घटकात आपण व्यावहारिक भाषांतराचा विचार करीत आहोत. त्यासाठी मी जो नमुना निवडला आहे तो माझ्याच हातचा आहे, आणि तो फसलेला आहे.

तीन दशकांपूर्वीची ही गोष्ट. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होतो. माझ्या बहिणीचे लग्न 16 फेब्रुवारीला साताऱ्यास ठरले होते. आम्हांला एकच मामा. तो बडोद्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि त्याच्या व्यवस्थापकांना मराठी येत नव्हते. मामाने अर्जाचा मराठी मसुदा पोस्टाने मला पाठवला व सोबत लिहिले, ‘तू इंग्रजी शिकतोस, तर याचे चांगले इंग्रजी करून पाठव.’ मसुदा असा होता :

‘महोदय, विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, माझ्या भाचीचे लग्नकार्य दि. 16 फेब्रुवारी रोजी सातारा येथे योजिले असून, घरचे कार्य असल्याने व मी मुलीचा मामा असल्याने मला हजर राहणे अगत्याचे आहे. तरी कृपाळू होऊन मला दि. 14 पासून दि. 17 पर्यंत किरकोळ रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. कळावे. आपला आज्ञाधारक.’

मी केलेले इंग्रजी देवनागरीत लिहून दाखवतो : ‘सर, आय बेग टू स्टेट दॅट माय नीसेस मॅरेज इज ऑन 16 फेब्रुवारी ॲट सातारा. ॲज इट इज अ फॅमिली फंक्शन, माय प्रेझेन्स इज नेसेसरी. देअरफोर, बीइंग काइंड, यू शुड सँक्शन मी कॅज्युअल लीव्ह फ्रॉम 14 अप टू 17 फेब्रुवारी.’

व्याकरणाच्या शिक्षकाला यात लाल रेघ ओढण्याजोगे फारसे सापडणार नाही. मामाला मात्र रजा मिळाली ती एका दिवसाची, 16 तारखेची. 15 तारखेची पाळी संपवून तो रात्रीच्या गाडीने निघाला, पुण्याला उतरून एस.टी.ने साताऱ्यास आला आणि मंडपात पोहोचला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मुहूर्त सकाळी होता. भटजींनी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे’ अशी हाक दिली तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांना पुढे करावे लागले. मंगलाष्टके चालू असता तेच बहिणीच्या पाठीशी उभे राहिले.

मामाने अर्जाची परत मिळालेली प्रत बरोबर आणली होती. ‘नीस’ या शब्दाखाली व्यवस्थापकांची रेघ होती. ‘अप टू 17’ यापुढे प्रश्नचिन्ह होते. आणि खाली ‘वन डे’ एवढाच शेरा होता. मामा रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, “अरे, तुझं इंग्रजी झकास असेल, पण या कागदात मी मामा कुठंच नाही.” भाषाशास्त्राचा पुढे मी पुष्कळ अभ्यास केला, तरी या वाक्याहून नेमके परीक्षण माझ्या कोणत्याही भाषांतराचे झालेले नाही. ते वाक्य हाताशी धरून अर्ज पुन्हा तपासू.

मामाच्या मसुद्यात ‘मी मुलीचा मामा असल्याने’ असे शब्द होते. ते मी गाळले. का गाळले, हे मला स्पष्ट आठवते. भाची म्हटले की बोलणारा मामा असणारच. मग तेच पुन्हा कशाला सांगायचे, असा माझा विचार होता. मराठीत हा विचार काही अंशी खरा आहे. पुरुषाच्या तोंडी ‘भाची’ म्हणजे बहिणीची मुलगी आणि ‘पुतणी’ म्हणजे भावाची मुलगी. इंग्रजीत या दोघींना ‘नीस’ हा एकच शब्द आहे. पत्नीच्या भावंडांच्या मुलीलाही तोच. त्याचप्रमाणे काका, मामा, आतोबा आणि मावसोबा हे सारे ‘अंकल’. म्हणजे ‘भाची’चे ‘नीस’ करताना नात्याची बाजू मी आधीच पुसली होती, आणि तिची भरपाई करू शकेल असा मसुद्यातला एकमेव तुकडा पुनरुक्ती समजून काढून टाकला होता.

पण तो तुकडा मराठीतही पुनरुक्ती नव्हता. ‘भाची’ हा शब्द नाते सांगतो. ‘मी मुलीचा मामा असल्याने’ हे शब्द कर्तव्य सांगतात. वधूला मंडपात आणण्याचे आणि तिच्या पाठीशी उभे राहण्याचे काम मामाचे असते, हे मराठी वाचकाला ठाऊक असल्यामुळे मामाला ते लिहावे लागले नाही. मराठी न जाणणाऱ्या वाचकाला ते ठाऊक असेलच असे नाही, म्हणून त्याच्यासाठी ते लिहिणे भाग होते. मी उलट केले. ‘फॅमिली फंक्शन’ या शब्दांत बारशापासून वास्तुशांतीपर्यंत सारे काही मावते. ते वाचून व्यवस्थापकांनी अर्जदाराला अनेक पाहुण्यांपैकी एक समजले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. पाहुण्याला एक दिवस पुरतो.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘रजा मंजूर करावी’ यातील ‘करावी’ हे विध्यर्थी रूप. ‘मुलांनी रोज अभ्यास करावा’ येथे ते कर्तव्य सांगते, ‘आपण सहकुटुंब यावे’ येथे आमंत्रण देते, ‘वाटते, आता गावी जावे’ येथे इच्छा व्यक्त करते. अर्जात ते विनंती करते. शिवाय ‘करावी’ हे रूप ‘रजा’ या कर्माप्रमाणे चालते आणि ‘आपण’ हा कर्ता न लिहिताही वाक्य पूर्ण होते. साहेबांकडे बोट न दाखवता साहेबांना विनंती करण्याची ही सोय मराठीने करून ठेवली आहे. शाळेत आपण ‘-आवा’ला ‘शुड’ असा एकच प्रतिशब्द पाठ करतो. परंतु ‘यू शुड सँक्शन’ यात कर्ता उघडा पडतो आणि अर्थ होतो, ‘तुम्ही मंजूर करायला हवी’. कनिष्ठाने वरिष्ठाला त्याचे कर्तव्य सुनावल्यासारखे ते वाचले जाते. मागे लावलेले ‘बीइंग काइंड’ ते सौम्य करीत नाही, विचित्र मात्र करते. नम्रता येथे ‘कृपाळू’ या शब्दात नसून ‘करावी’ या प्रत्ययात होती. म्हणून भाषांतरात तिला स्वतंत्र क्रियापद द्यावे लागते : ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी’.

येथे शब्दांचे मूळही मार्गदर्शक ठरते. ‘रजा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ संमती. इंग्रजी ‘लीव्ह’ या नामाचाही जुना अर्थ परवानगी असाच आहे. दोन्ही भाषांत हा अर्ज म्हणजे संमतीची मागणी आहे. आणि मागणीची भाषा ‘शुड’ने बिघडते.

तिसरी चूक तारखांची. ‘17 पर्यंत’ यात 17 तारीख धरायची की नाही? मामाला ती धरायची होती. ‘पर्यंत’ हा शब्द ते निश्चित सांगत नाही आणि माझ्या ‘अप टू’नेही ते सांगितले नाही, मूळची संदिग्धता मी इमानाने पुढे पोहोचवली. कवितेत संदिग्धता राखणे हे भाषांतरकाराचे कर्तव्य असू शकते. अर्जात मात्र लेखकाला विचारून ती दूर करावी लागते, कारण वाचणाऱ्याला दिवस मोजायचे असतात. इंग्रजी पत्रव्यवहारात त्यासाठी ‘बोथ डेज इन्क्लुसिव्ह’ असे लिहितात, एकूण दिवसांची संख्या देतात आणि कामावर रुजू होण्याची तारीख सांगतात. ‘किरकोळ रजे’ला ‘कॅज्युअल लीव्ह’ आणि ‘अर्जित रजे’ला ‘अर्न्ड लीव्ह’ हे ठरलेले पर्याय मात्र जसेच्या तसे वापरावेत; तेथे आपली प्रतिभा चालवू नये.

आता राहिला क्रम. मराठी अर्ज कारणापासून निघतो आणि मागणीवर येऊन थांबतो. ‘तरी’ हा शब्द त्या वळणावर उभा असतो. औपचारिक इंग्रजी पत्रात मागणी आधी येते, कारण मागाहून. तो क्रम स्वीकारून मी आज हा अर्ज असा लिहीन :

‘सर, आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी कॅज्युअल लीव्ह फॉर फोर डेज, फ्रॉम 14 टू 17 फेब्रुवारी, बोथ डेज इन्क्लुसिव्ह. माय सिस्टर्स डॉटर इज टू बी मॅरिड ॲट सातारा ऑन 16 फेब्रुवारी. बाय अवर कस्टम द ब्राइड्स मॅटर्नल अंकल लीड्स हर टू द सेरेमनी, अँड आय ॲम हर ओन्ली मॅटर्नल अंकल. आय शॅल रिझ्यूम ड्यूटी ऑन 18 फेब्रुवारी. युवर्स फेथफुली.’

‘नीस’ येथे नाहीच; ‘बहिणीची मुलगी’ आहे. ‘आज्ञाधारक’ही नाही, त्या जागी इंग्रजीत रूढ असलेला समारोप आहे. ‘आमच्या प्रथेप्रमाणे’ हे वाक्य मूळ मसुद्यात नव्हते, तरी ती माझी भर नव्हे. मामाने ‘मामा’ या एका शब्दात जे ठेवले होते, तेच तेथे उलगडले आहे. मात्र येथे एक मर्यादा पाळावी. जे मूळ लेखकाला व त्याच्या वाचकाला न सांगता ठाऊक होते, तेवढेच उलगडावे. मुलीचे वडील आजारी आहेत, घरात दुसरे कोणी नाही, असे काही परिणामासाठी घातले तर ते भाषांतर राहत नाही, खोटा अर्ज होतो.

हा अर्ज गेला असता तर चारही दिवस मिळाले असते, असे मी म्हणत नाही. कारखान्याला मनुष्यबळाची अडचण असेल. पण नकार मिळाला असता तरी तो मामाच्या खऱ्या मागणीला मिळाला असता.

तुम्ही केलेले भाषांतर तपासण्यासाठी एक साधी रीत सांगतो. मूळ मराठी न पाहिलेल्या व्यक्तीला इंग्रजी अर्ज वाचायला द्या आणि चार प्रश्न विचारा : अर्जदार नवरीचा किंवा प्रसंगातील मुख्य व्यक्तीचा नेमका कोण? त्याच्यावाचून कोणते काम अडते? तो कोणत्या दिवशी कामावर परत येईल? आणि तो मागतो आहे की बजावतो आहे? एकाही प्रश्नाला उत्तर देताना ती व्यक्ती अडखळली, तर आपल्या मसुद्यातून काय गळले ते मूळ मराठीत शोधा. बहुधा ते अशाच एखाद्या तुकड्यात सापडेल, जो तुम्ही ‘हे तर आलेच’ म्हणून सोडून दिला असेल.

बहिणीच्या लग्नाच्या छायाचित्रांत अंतरपाटाजवळ तिच्या मागे ते शेजारचे गृहस्थ उभे आहेत. मामा जेवणाच्या पंगतीत दिसतो, प्रवासातल्याच कपड्यांत.