प्लेटलेट्स घटल्या, तरी गुठळी

प्लेटलेट्स घटल्या की आमच्या उचगावात डेंग्यू आठवतो आणि रक्तस्रावाची धास्ती वाटते. माझ्या खालांच्या बाबतीत उलटंच झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त गोठू नये म्हणून त्यांना हेपॅरिनची इंजेक्शनं चालू होती. सातव्या दिवशी प्लेटलेट्स २,४०,००० वरून ९०,००० वर आल्या, पोटरी सुजली आणि सोनोग्राफीत शिरेत गुठळी दिसली.

हे कसं? हेपॅरिन प्लेटलेट्समधून सुटणाऱ्या ‘पीएफ-४’ या प्रथिनाला चिकटतं. काहींचं शरीर या जोडीला परकं समजून अँटीबॉडीज तयार करतं. त्याला बहुधा ५ ते १० दिवस लागतात. या अँटीबॉडीज प्लेटलेट्सना चेतवतात. चेतलेल्या प्लेटलेट्स गुठळ्या करण्यातच खर्ची पडतात, म्हणून मोजणीत कमी भरतात.

घरातले म्हणत होते, ‘प्लेटलेट्स चढवा.’ डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नसताना ते आगीत तेल ठरेल. त्यांनी हेपॅरिन पूर्ण बंद केलं, अगदी सलाइनची नळी धुण्यापुरतंही नाही. पण अँटीबॉडीज रक्तात राहतात, म्हणून गोठणं रोखणारं वेगळ्या जातीचं औषध लगेच सुरू केलं. खालांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आता ठळक लिहिलंय: हेपॅरिन देऊ नये.