पॅड खराब नव्हता

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आमची पिढी व्हिडिओ पार्लरमध्ये नाणं टाकून ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळली. मूव्ह निघाली नाही की जॉयस्टिकला शिव्या द्यायच्या, कारण यंत्राने काय वाचलं हे कळायचा मार्गच नव्हता. आज तो आहे. तरीही भाचा म्हणाला, “मामू, पॅड खराब है, नवा लेना पडेगा.” नवा पॅड म्हणजे काही हजारांचा खर्च. म्हणून आधी तपासायला बसलो.

तो ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये रियू खेळतो. तक्रार अशी, की चालत पुढे जाऊन हाडोकेन टाकायला गेलं की निघतो शोर्युकेन. हवेत उडालेला रियू खाली येईपर्यंत समोरचा हवा तसा मारतो.

ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट हिस्टरी सुरू केली. प्रत्येक बाणाशेजारी तो किती फ्रेम दाबला होता याचा आकडा दिसतो. एका सेकंदात ६० फ्रेम असतात. भाच्याची ओळ अशी होती:

```
→ 11
↓ 3
↘ 2
→ + P
```

हाडोकेन म्हणजे खाली, तिरपं, पुढे आणि पंच. शोर्युकेन म्हणजे पुढे, खाली, तिरपं आणि पंच. वरच्या ओळीत दोन्ही पूर्ण होतात. चालण्यासाठी दाबलेला ‘पुढे’ गेमच्या लक्षात असतो, आणि दोन्ही जुळले की गेम शोर्युकेनला पसंती देतो. पॅडने जे दाबलं तेच पोहोचवलं होतं.

उपाय म्हणजे चालणं थांबवून बोट क्षणभर उचलायचं, मग खाली जायचं. हा विसावा थोडा थोडा वाढवत न्यायचा. दहापैकी दहा वेळा हाडोकेन निघाला, की हिस्टरीत त्या विसाव्याचा आकडा बघायचा. तोच सरावाचा आकडा.

दुसरी तक्रार होती, पडून उठताना शोर्युकेन निघतच नाही. इथे बाण बरोबर होते, पंच मात्र फार लवकर दाबला जात होता. या गेममध्ये हालचाल मोकळी होण्याआधी ४ फ्रेमपर्यंत दाबलेलं बटण धरून ठेवलं जातं. म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. त्याआधी दाबलेलं वाया जातं. घाईत एकदाच दाबणाऱ्याला वाटतं, बटण लागलंच नाही.

म्हणून निदानाचा क्रम साधा आहे. हिस्टरीत बाण चुकला असेल तर हात सुधारायचा; ४ फ्रेमची सवलत गाळलेला ‘खाली’ भरून देत नाही. बाण बरोबर असून मूव्ह निघाली नाही, तर वेळ बघायची. भलतीच मूव्ह निघाली, तर आधीचा बाण शोधायचा. आणि बोट लावलेलं नसताना बाण उमटला, किंवा दाबूनही उमटला नाही, तरच पॅडचा दोष.

आमच्याकडे तसं एकदाही झालं नाही. पॅड जुनाच आहे.