आलो, आलो!

आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे.

पिंपरीतल्या एका शाळेत मी शिकवते. सातवीच्या मुलांना एकदा इंग्रजीत चार वाक्यं लिहायला सांगितली होती. शाळा सुटायची वेळ झाली आहे आणि दोन मित्र बोलताहेत, असा प्रसंग होता. एका मुलानं लिहिलं, ‘इट्स टाइम वुई वेंट होम.’ मी लाल पेनानं ‘वेंट’ खोडून ‘गो’ केलं आणि अर्धा गुण कापला. घरी जायचं तर अजून बाकी आहे, मग भूतकाळ कुठून आला?

“बाई, ताईच्या पुस्तकात असंच आहे,” तो हळूच म्हणाला.

“छपाईची चूक असेल!” मी म्हटलं.

संध्याकाळी घरी व्याकरणाचं पुस्तक काढलं, तर चूक माझीच! ‘इट्स टाइम’नंतर ‘वुई’सारखा कर्ता आला, की क्रियापद भूतकाळी रूप घेतं. कर्ता नसेल तर मात्र ‘इट्स टाइम टु गो’.

पण असं का? मी विचार करत होते, तेवढ्यात पानं वाढून झाली. लेकाला हाक मारली. अंगणातून उत्तर आलं, “आलो, आलो!” प्रत्यक्षात स्वारी गोट्याच खेळत होती. मला हसूच आलं. ‘आलो’ हे रूप भूतकाळाचं, पण येणं अजून व्हायचंच होतं!

म्हणजे रूप भूतकाळाचं असलं तरी ते दर वेळी कालचीच गोष्ट सांगतं असं नाही. मराठीत ‘आलो’ म्हणजे ‘आलोच समज’. इंग्रजीत कारण थोडं वेगळं आहे. तिथे ‘वेंट’ सांगतं, की ही गोष्ट अजून खरी झालेली नाही, फक्त मनात आहे. आपण अजून वर्गातच आहोत ना!

‘वुड रादर’चंही तसंच. स्वतःबद्दल बोलताना ‘आय वुड रादर स्टे’, मी थांबेन म्हणते. पण दुसऱ्यानं थांबावं असं वाटलं, तर ‘आय वुड रादर यू स्टेड’. आपणही म्हणतोच की, ‘तू थांबलास तर बरं.’ ‘थांबलास’ हेही भूतकाळाचंच रूप!

‘हॅड बेटर’ मात्र जरा निराळं. ‘वुई हॅड बेटर गो’, म्हणजे आता निघालेलं बरं, नाहीतर लोकल चुकेल. इथे भूतकाळी रूप ‘हॅड’नं आधीच घेतलंय, म्हणून पुढे साधं ‘गो’. ‘वेंट’ नाही आणि ‘टु गो’ही नाही. बोलताना हा ‘हॅड’ इतका आखडतो, की ऐकूच येत नाही. म्हणून मुलं लिहिताना तो गाळतात.

शंका आली तर वाक्याला ‘आता’ जोडून बघा, मग ‘काल’ जोडून बघा. ‘आता घरी जायची वेळ झाली’ हे जमतं. इंग्रजी वाक्याला ‘यस्टरडे’ जोडलं, की ते मोडतं. म्हणजे गोष्ट आत्ताची आहे, फक्त रूप भूतकाळाचं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाचा अर्धा गुण परत दिला आणि छपाई बरोबर होती हेही सांगितलं. तेवढ्यात घंटा झाली. दप्तर खांद्यावर टाकत तो म्हणाला,

“बाई, इट्स टाइम वुई वेंट होम!”