खसखशीविना अनारसे

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन. दुबईच्या एका कंपनीत दोन वर्षांचा करार झाला आणि जायची तारीख नेमकी दिवाळीनंतरच्या आठवड्यात आली. आमचा गोंदिया म्हणजे भाताचा मुलूख; इथल्या गृहिणीला निघणाऱ्या माणसाच्या हाती तांदळाचेच काही द्यावेसे वाटले, तर नवल नाही. आमच्या सौभाग्यवतींनी अनारशांचा बेत केला. तीन दिवस तांदूळ भिजले, रोज पाणी बदलले, सावलीत वाळले, दळून गुळात कालवले गेले आणि गोळा मुरायला डब्यात बसला.

"वहिनी, खसखस लावू नका हं," भाऊ म्हणाला. वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खसखशीविना अनारसा म्हणजे कुंकवाविना कपाळ, असे त्यांचे मत. पण भावाचे खरे होते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात उघड मिळते, शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र हेच बी अमली पदार्थांच्या कायद्यात येते. विमानतळावर ते सापडले, तर 'खाण्यासाठी आणले' ही सबब चालेलच असे नाही. पाळी तुरुंगापर्यंत येऊ शकते.

अनारशावरची खसखस निदान दिसते तरी. खरी भीती दळलेल्या मसाल्याची. आपल्या विदर्भातल्या सावजी मसाल्यात पुष्कळ घरी खसखस पडते, आणि एकदा दळली की ती डोळ्यांना ओळखता येत नाही. करणाऱ्या बाईला विचारणे, एवढाच उपाय. म्हणून शेजारच्या काकूंनी तिकडल्या भाच्यासाठी दिलेली मसाल्याची पुडी आम्ही हात जोडून परत केली. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पण बॅग ज्याची, जबाबही त्यालाच द्यावा लागतो!

शेवटी तडजोड तिळावर झाली. खसखशीऐवजी तिळावर अनारसा थापायचा, तिळाची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचे. म्हणजे तीळ करपत नाहीत. जाळी उत्तम पडली. पहिला अनारसा वहिनींनी स्वतः चाखला आणि काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात ही पसंतीची पावती होय. मग भाऊ जुना पितळी डबा घेऊ लागला, तेव्हा त्यांनीच तो हातातून ओढून घेतला. झाकणाच्या कडेत गेल्या दिवाळीचे दोन दाणे अडकले होते! नवा डबा आला.

महिन्याने भावाचा फोन आला. खोलीत सहा जण, त्यांत एक केरळचा, एक नेपाळचा. अनारसे तीन दिवसांत संपले.

"वहिनी, पुढल्या वेळी जास्त करा," तो म्हणाला, "आणि तीळच लावा."

"परत आलास की खसखशीचे करीन," वहिनी म्हणाल्या आणि फोन माझ्या हाती देऊन स्वयंपाकघरात गेल्या.