‘लोगो जरा पॉप करा’

चटण्या आणि भाजणी विकणाऱ्या एका ताईंचा लोगो मी केला होता. हळदीच्या पिवळ्या रंगात नाव, शेजारी बारीक रेघांचा खलबत्ता. त्यांना तो पसंत पडला, पाकिटाचा नमुनाही छापून आला. मग व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘लोगो छान आहे, फक्त जरा पॉप करा.’

असं कुणी म्हणालं की आकार वाढवावा, रंग भडक करावा, खाली सावली टाकावी असं लगेच सुचतं. पण समोरच्याला काहीतरी खरंच खुपलेलं असतं आणि ते काय, हे कळल्याशिवाय हात लावू नये. मी लिहिलं:

‘ताई, नक्की करू. आधी एवढं सांगा. लोगो कुठे बघितलात, मोबाइलवर की पाकिटावर? हातात धरून की लांबून? नाव वाचताच येत नाही, की वाचता येतं पण नजर आधी दुसरीकडे जाते? जिथे बघितलात तिथला फोटो पाठवाल का?’

नाव वाचता येत नसेल तर अक्षरं आणि मागचा रंग यांत फरक कमी पडतोय. नजर दुसरीकडे जात असेल तर लोगोला न छेडता आजूबाजूची गर्दी कमी करावी लागते.

ताईंनी दुकानातल्या फळीचा फोटो पाठवला. पांढरं ठरलेलं पाकीट मधल्या काळात तपकिरी क्राफ्ट कागदाचं झालं होतं. छपाईची नेहमीची शाई पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावरून उजेड परत येतो म्हणून पिवळा पिवळा दिसतो. तपकिरी कागद तो उजेड गिळतो आणि पिवळा मळकट होतो. मी फोटो कृष्णधवल करून पाहिला. नाव जवळजवळ नाहीसं झालं. स्क्रीनवर पिवळा कितीही उजळला असता तरी उपयोग नव्हता.

उपाय म्हणजे नावाखाली आधी पांढऱ्या शाईचा थर. तो अक्षरांपेक्षा किंचित आत ठेवावा लागतो, नाहीतर छापताना कागद जरासा सरकला तरी कडेने पांढरी रेघ डोकावते. खलबत्त्याच्या रेघा इतक्या बारीक होत्या की आत घ्यायला जागाच नव्हती, म्हणून खलबत्ता थर न देता गडद तपकिरीत घेतला. पांढरा हा वाढीव रंग, खर्चही वाढतो, हे ताईंना आधीच सांगितलं.

‘मग मोठा नाही करायचा?’ त्यांनी विचारलं. आकार होता तोच ठेवला. त्याच क्राफ्ट कागदावर छापलेला नमुना फळीवर ठेवून बघितल्यावर त्यांनी होकार कळवला.

तुम्ही कुणाकडून लोगो करून घेत असाल, तर तो जिथे लागणार त्या जागेचा फोटो आणि खरा कागद पहिल्याच दिवशी द्या.