दुखणं नको, काम मांड

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ,

तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. सिकलसेल हा खरा आजार आहे आणि तू कामचुकार नाहीस, हे पटवण्यातच त्याचा निम्म्याहून जास्त भाग गेला आहे. नेमकं काय हवंय ते शेवटच्या दोन ओळींत, तेही ‘हलकं काम मिळावं’ एवढंच. माझं मत उलट आहे. आजार पटवायचा तो डॉक्टरांच्या कागदाने. अर्ज लिहायचा तो कामाबद्दल. सहकाऱ्यांची शंका मुळात तुझ्या रक्ताबद्दल नसते. तू केलं नाहीस ते काम कोणाच्या अंगावर पडणार, ही त्यांची खरी धास्ती आहे. तिला उत्तर नसलेला अर्ज कितीही कळवळून लिहिला तरी संशयच वाढवतो.

‘दिसतोस तर धडधाकट’ हा आक्षेप आधी घेऊ. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडांत असह्य कळा उठतात. हे रोज घडत नाही. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, दमछाक झाली, ताप आला की घडतं. मधल्या दिवसांत माणूस हिंडतो-फिरतो. म्हणजे सोमवारी ठीक आणि गुरुवारी अंथरुणावर, ही लबाडीची खूण नसून या आजाराची रीतच आहे. दुसरा आक्षेप जास्त फसवा आहे: ‘आमच्या गावात कितीतरी जणांना सिकल निघालाय, ते शेतात राबतात की!’ राबतात, कारण त्यांतले बहुतेक वाहक असतात. दोषी जनुक आई किंवा बाप, एकाकडूनच आलेल्याला सहसा त्रास होत नाही. दोघांकडून आलेल्याला आजार होतो. गावच्या तपासणीत दोघांनाही ‘सिकल’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. तुझ्या रक्ताच्या अहवालात हा फरक लिहिलेला आहे. तो साहेबांकडच्या अर्जाला जोड. चहाच्या टपरीवर दाखवत फिरू नकोस. सोबत्यांना एवढंच पुरे: ‘पाणी कमी पडलं आणि चढ जास्त झाला की मी आठवडाभर पडतो, ते टळलं की रोज येतो.’

आता काम मांडू. अजिंठ्याला बसथांब्यापासून पायऱ्या चढून वर गेलं की पहिलं लेणं लागतं आणि तिथून नालेच्या आकाराच्या कड्याच्या कडेने वाट सव्विसाव्यापर्यंत जाते. रोज टोकाला जाऊन उभं राहणाऱ्याची चाल आणि पहिल्या-दुसऱ्या लेण्यावर बसणाऱ्याची चाल यांत मोठं अंतर आहे. म्हणून पहिली मागणी: नेमणूक 1 किंवा 2 क्रमांकाच्या लेण्यावर, पायऱ्या दिवसातून एकदाच. दुसरी मागणी पाण्याची, आणि ती अर्धी लिहू नकोस. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे पाणी प्यायलं तरी ते अंगात टिकत नाही आणि लघवीला वरचेवर जावं लागतं. नुसती बाटली बाळगायची परवानगी मिळाली आणि जागा सोडायची मिळाली नाही, तर माणूस पाणी पिणंच टाळतो आणि उन्हाळ्यात कळा सुरू होतात. म्हणून बाटली आणि दर दोन तासांनी थोडा वेळ बदली माणूस, हे एकाच वाक्यात हवं. तिसरी मागणी हिवाळ्याची. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि सकाळी तो दगड गारठलेला असतो, तेव्हा जाड लोकरी मोजे आणि बसायला स्टूल. यांतल्या कशासाठीही कातळाला हात लावावा लागत नाही. ‘जागतिक वारसा आहे, इथं काही बदलता येत नाही’ हे कारण इथे लागूच होत नाही.

यापुढे तू काय देणार ते लिही, कारण सगळ्यांत रास्त आक्षेप हाच आहे की तुझी सोय म्हणजे इतरांची गैरसोय. पहिल्या-दुसऱ्या लेण्यावर चाल कमी, पण गर्दी आणि डोकेदुखी जास्त. फ्लॅश मारणाऱ्याला अडवायचं, भिंतीला टेकणाऱ्याला हटकायचं, आत माणसं मोजून सोडायची. ती डोकेदुखी कायमची मी घेतो, म्हण. लांबचं लेणं ज्याच्या वाट्याला येईल त्याला निदान शांतता मिळेल. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा घाटी रुग्णालयाची ठरलेली तपासणी सोमवारीच घेईन, हेही लिही. शंभर किलोमीटरच्या खेपेसाठी कामाचा दिवस मोडणार नाही. एवढं करूनही कोणावर भार उरलाच, तर तो वाटून देणं कार्यालयाचं काम आहे. तुझ्या सोबत्यांनी तो सोसावा असं कायदा म्हणत नाही, आणि तूही म्हणू नकोस.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ज्या 21 प्रकारांची यादी आहे तिच्यात सिकलसेल आहे. कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची आहे, आणि ती नाकारणं हाच त्या कायद्यात भेदभाव धरला आहे. ‘तुझं प्रमाणपत्र 40 टक्क्यांचं नाही’ असं कोणी म्हणालं, तर 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. विकास कुमार या परीक्षार्थीला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना वाजवी सोयीचा हक्क 40 टक्क्यांपुरता बांधून ठेवता येत नाही, असं स्पष्ट केलं. पण कायद्यालाही मर्यादा आहे: आस्थापनेवर अवाजवी बोजा पडता कामा नये. मोजे, स्टूल, जागेची अदलाबदल यांत बोजा दाखवणं कठीण. ‘माझ्यासोबत कायम दुसरा माणूस द्या’ म्हणालास तर तो सहज दाखवता येईल. ‘याला दिलं तर उद्या सगळेच मागतील’ या भीतीलाही इथेच उत्तर आहे. सोय माणूस आणि काम पाहून ठरते, सरसकट वाटली जात नाही. मागेल त्याने आपलं काम असंच तपशिलात मांडावं.

एक गोष्ट मात्र खटकते. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून एखादा पर्यटक डोलीत बसतो, तेव्हा त्याच्याकडे कोणी दाखला मागत नाही. रोज त्याच पायऱ्या चढणाऱ्या नोकरदाराने तेच म्हटलं की लगेच भुवया उंचावतात. पैसे मोजणाऱ्याचा थकवा खरा आणि पगार घेणाऱ्याचा खोटा, असा काहीसा हिशेब आपल्या मनात बसलेला आहे. त्यावर भांडत बसू नकोस. अर्जात तर अजिबात नको.

घाटीतून चिठ्ठी घेशील तेव्हा ‘हलकं काम व विश्रांती आवश्यक’ असं लिहून घेऊ नकोस. त्या शब्दांचा अर्थ प्रत्येक साहेब वेगळा लावतो. किती चढ, किती वेळ उभं राहणं, किती पाणी, कोणत्या ऋतूत काय टाळायचं, असं डॉक्टरांना विचारून लिहून घे आणि मागण्या त्याच क्रमाने मांड. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घे. तू कंत्राटदारामार्फत असशील तर एक प्रत त्यालाही दे, कारण पगार तो देत असला तरी जागा कार्यालय ठरवतं. उत्तर आलं नाही तर सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याच्याकडे नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायची असते. आणि सहा महिन्यांनी या व्यवस्थेचा आढावा घ्यावा, अशी ओळ तूच घाल. उन्हाळा आणि हिवाळा यांत तुझ्या गरजा सारख्या नाहीत, आणि तुझ्या रजा कमी झाल्या का, हे तोवर हजेरीपटावर कोणालाही पाहता येईल.

तुझा,
मामा